पाच डॉलरचा दंड

बॉस्टन शहराला लागून, चार्ल्स नदीच्या पलीकडच्या काठावर केंब्रिज आहे. मार्च १९०२ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाचे अध्यक्ष डॉ. एडविन स्पेन्सर घरोघर देवीची लस टोचत फिरत होते. फिरता फिरता ते हेनिंग जेकबसन या पाद्रींच्या घरी पोचले. जेकबसन मूळचे स्वीडनचे. लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेले आणि आता केंब्रिजमधल्या स्वीडिश ल्युथरन चर्चचे काम पाहणारे. लस फुकट होती, डॉक्टर दारात उभे होते. जेकबसन नको म्हणाले. लहानपणी देवी काढल्यावर आपल्याला फार त्रास झाला होता आणि आपल्या एका मुलालाही तसाच त्रास झाला, असे त्यांचे म्हणणे होते. स्पेन्सरनी त्यांना नियम सांगितला: लस घ्यायची नसेल तर पाच डॉलर दंड. जेकबसननी दंडही भरला नाही. प्रकरण खालच्या न्यायालयातून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आणि तिथून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे २० फेब्रुवारी १९०५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले.

सरकार नागरिकाच्या शरीरात सुई टोचू शकते का, हा प्रश्न जगात कुठेही निघाला की या निकालाचे नाव निघते. सक्तीच्या बाजूचे लोक म्हणतात, न्यायालयाने तेव्हाच परवानगी दिली आहे. विरोधक म्हणतात, तो निकाल जुन्या काळातला, आता मोडीत काढा. निकाल नीट वाचला तर दोघांचेही म्हणणे अपुरे ठरते. न्यायालयाने जी परवानगी दिली ती फार नेमकी होती, आणि तिच्याबरोबर घातलेल्या अटी परवानगीइतक्याच महत्त्वाच्या होत्या. त्या अटींचा विसर पडला की काय होते, ते पुढे अमेरिकेत दिसले आणि थोडे आपल्याकडेही.

आधी तो आजार समोर ठेवायला हवा, कारण आज देवी पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. १९०१ ते १९०३ या साथीत बॉस्टनमध्ये देवीचे १,५९६ रुग्ण सापडले आणि त्यातले २७० दगावले. म्हणजे दर सहा रुग्णांमागे जवळजवळ एक मृत्यू. जे वाचले त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे वण राहिले, काहींची दृष्टी गेली. औषध काहीही नव्हते. होती ती फक्त लस, आणि तिचा एक गुण इथे निर्णायक होता: ती घेतलेल्याला सहसा देवीची लागणच होत नसे, त्यामुळे त्याच्यापासून पुढे कुणाला होण्याचा प्रश्न उरत नसे. जेकबसननी लस नाकारली तर धोका फक्त त्यांच्या जिवाला नव्हता. त्यांच्या चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला होता.

त्याच साथीत हे फार ठसठशीतपणे दिसले. इमॅन्युएल फायफर नावाचे लसविरोधी डॉक्टर बॉस्टनमध्ये प्रसिद्ध होते. शहराच्या आरोग्य मंडळाचे प्रमुख डॉ. सॅम्युएल डर्गिन यांनी लसविरोधकांना जाहीर आव्हान दिले की, हिंमत असेल तर लस न घेता देवीच्या रुग्णालयात येऊन दाखवा. फायफरनी आव्हान स्वीकारले. रुग्णालयात जाऊन त्यांनी रुग्णांना जवळून पाहिले आणि मग शहरात नेहमीसारखे वावरले. काही दिवसांनी ते देवीने गंभीर आजारी पडले. त्यातून ते बरे झाले, पण मधल्या काळात ते कुणाकुणाला भेटले असतील या विचाराने शहर हादरले होते. डर्गिन यांचे आव्हानही मला तितकेच बेजबाबदार वाटते. साथीला आवर घालणे ज्याचे काम, त्यानेच एका निरोगी माणसाला लागण करून घ्यायला डिवचले.

पण लसीची भीती बिनबुडाची होती, असे मात्र कुणी समजू नये. त्या काळी वासराच्या अंगावर वाढवलेली लस दंडावर ओरखडे काढून चोळत. दंड सुजायचा, ताप यायचा, जखम चिघळायची. हातावर पोट असलेल्या माणसाचे काही दिवसांचे काम बुडायचे. लस तयार करणाऱ्या खासगी कंपन्यांवर सरकारची देखरेख नव्हती. १९०१च्या शरद ऋतूत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात देवीची लस टोचल्यानंतर धनुर्वात होऊन नऊ मुले गेली. साधारण त्याच सुमाराला सेंट लुइसमध्ये घटसर्पावरच्या दूषित औषधाने तेरा मुलांचा बळी घेतला. या घटनांनंतर अमेरिकी संसदेने १९०२ मध्ये लशी आणि रक्तद्रव्ये बनवणाऱ्यांना परवाना घेणे आणि तपासणीला तयार असणे बंधनकारक करणारा कायदा केला. तारखा जुळवून पाहा. जेकबसनच्या दारात डॉक्टर उभे राहिले तेव्हा हा कायदा व्हायचा होता. लस घेण्याची सक्ती आधी आली, लस शुद्ध असण्याची सक्ती मागून.

आता निकालाकडे वळू. मॅसॅच्युसेट्सचा कायदा साधा होता. सार्वजनिक आरोग्यासाठी गरज आहे असे स्थानिक आरोग्य मंडळाला वाटले तर ते रहिवाशांना लस घ्यायला सांगू शकते. लस फुकट द्यायची. एकवीस वर्षांवरचा कुणी नकार देईल तर त्याला पाच डॉलर दंड. आजच्या हिशेबात ही रक्कम दीडशे-पावणेदोनशे डॉलर होते. झोंबेल, पण कुणी देशोधडीला लागणार नाही, अशी. त्या कायद्यात कुणाचा हात धरून लस टोचण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी लिहिलेल्या निकालाने मंजुरी दिली ती एवढ्यालाच. दंड भरून माणूस आपले शरीर आपल्यापाशी ठेवू शकत होता.

हार्लन यांचा युक्तिवाद असा होता की, समाजात राहणाऱ्याचे स्वातंत्र्य कधीच निरपवाद नसते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या इजेची पर्वा न करता स्वतःच्या मर्जीने वागायचे ठरवले तर कुणालाच स्वातंत्र्य उरणार नाही. लसीबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद असतील, पण त्यांतले कोणते मत धरून कायदा करायचा हे विधिमंडळाने ठरवायचे, न्यायालयाने नव्हे. म्हणूनच लस घातक आहे हे सिद्ध करण्यासाठी जेकबसन जे पुरावे देऊ पाहत होते, ते खालच्या न्यायालयाने ऐकलेच नाहीत आणि वरच्या न्यायालयाने त्यात चूक मानली नाही.

पण हार्लन तिथे थांबले नाहीत. ही सत्ता मनमानी पद्धतीने वापरली गेली, किंवा लोकांच्या सुरक्षेसाठी जेवढे आवश्यक आहे त्याच्या फार पुढे गेली, तर न्यायालय मध्ये पडेल, असे त्यांनी लिहिले. आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली. एखाद्याची प्रकृती अशी असेल की लस त्याला गंभीर इजा करील किंवा त्याचा जीव घेईल, तर त्याच्यावर सक्ती करणे अमानुष ठरेल आणि त्याला न्यायालयाचे संरक्षण मिळेल. जेकबसननी आपल्या लहानपणच्या त्रासाबद्दल सांगितले होते, पण आज आपली प्रकृती लस घेण्याजोगी नाही असे त्यांना दाखवता आले नाही. न्यायालयाने घातलेली ही चौकट चार खांबांवर उभी आहे: खरोखरच साथ हवी, उपाय त्या साथीवर चालणारा हवा, ओझे गरजेपुरते हवे, आणि ज्याला उपायच मारक ठरेल त्याला सूट हवी. नंतरच्या काळात सोयीचे तेवढे लोकांनी उचलले, हे चार खांब मागेच राहिले.

आणि निकालाच्या कागदावर नसलेली एक गोष्ट. पाद्रीसाहेबांना नाही म्हणता आले आणि न्यायालयात तीन वर्षे लढता आले, कारण त्यांना पत्ता होता, पेशा होता, वकील होते. नदीपलीकडे बॉस्टनमध्ये बेघरांच्या निवाऱ्यांवर रात्री पोलीस घेऊन पथके जात. तिथे झोपलेल्या मजुरांना धरून, प्रसंगी दांडक्यांच्या धाकाने, लस टोचली जाई. त्यांच्यापैकी कुणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला नाही. सक्तीचा कायदा तपासताना मी आता आधी हे पाहते की, नकाराची किंमत कोण पैशात मोजू शकतो आणि कुणाला ती अंगावर घ्यावी लागते.

या निकालाचा सर्वांत वाईट वापर बावीस वर्षांनी झाला. व्हर्जिनिया राज्याने ‘मतिमंद’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला होता. कॅरी बक या तरुणीवर ती शस्त्रक्रिया करायची होती. तिच्यावर बलात्कार झाला होता, त्यातून मूल झाले होते आणि ते लपवण्यासाठी तिला संस्थेत टाकले होते, हे पुढे उघड झाले. २ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने शस्त्रक्रियेला मान्यता दिली. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी आधार म्हणून एकच निकाल उद्धृत केला, जेकबसनचा. सक्तीच्या लसीकरणाला चालणारे तत्त्व गर्भनलिका कापण्यालाही पुरते, असा त्यांचा आशय होता. इथे साथ नव्हती, संसर्ग नव्हता, दंड भरून सुटण्याची वाट नव्हती. चारपैकी एकही खांब शिल्लक नसताना इमारत उभी केली गेली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली.

हे दूरचे वाटत असेल, तर १९७६ आठवावे. आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठरावीक अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ‘समाजाच्या हितासाठी’ हे शब्द एकदा पुरेसे मानले की शरीरावरचा कोणताही हक्क त्यांत बसवता येतो.

भारतात हा प्रश्न घटनेच्या कसोटीवर खऱ्या अर्थाने लागला तो कोव्हिडमध्ये. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की लस ऐच्छिक आहे. पण राज्यांनी लस न घेतलेल्यांना कुठे दुकानांत, कुठे कार्यालयांत, कुठे वाहनांत मज्जाव केला. मुंबईत हे लोकलच्या रूपाने आले. दुसऱ्या लाटेत सर्वसामान्यांसाठी बंद झालेली लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली झाली, पण दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच.

ही अट कागदावर समंजस दिसते. तिचा हिशेब एका माणसापुरता मांडून पाहू. समजा, विरारहून रोज दादरला येणारी तीस वर्षांची घरकामगार बाई आहे. अठरा वर्षांवरच्यांसाठी लसीकरण १ मेपासून सुरू झाले खरे, पण लशीच नसल्याने महाराष्ट्राला मे महिन्यात १८ ते ४४ या गटाचे काम थांबवावे लागले. सर्व प्रौढांना सरकारी केंद्रांवर केंद्राकडून मोफत लस मिळू लागली २१ जूनपासून. ही बाई इतकी तत्पर, की पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली आणि तिला डोस मिळालाही. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर १३ सप्टेंबरला. त्यानंतरचे चौदा दिवस मोजले की २७ सप्टेंबर. लस नाकारण्याचा विचारही जिच्या मनात आला नाही, ती बाई लोकल सुरू झाल्यावरही सहा आठवडे फलाटाबाहेर. रस्त्याने येण्या-जाण्याचे भाडे तिच्या पगाराला परवडणारे नव्हते. जेकबसनना निदान नकार दिल्याबद्दल दंड झाला होता. हिने तर होकार दिला होता.

अशा निर्बंधांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने राज्याला सुनावले की हे आदेश काढताना नियमांनी ठरवलेली कार्यपद्धती पाळलेली नाही. सरकारने नवे आदेश काढले, त्यांतही दोन डोसांची अट राहिली, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातले सगळेच निर्बंध उठले तेव्हा ती गेली.

त्यानंतर महिन्याभराने, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कॅरी बकच्या निकालाला त्या दिवशी बरोबर पंचाण्णव वर्षे झाली होती. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही. याचिका बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांची होती. लसीकरणाबद्दल केंद्राला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक गटाचे ते माजी सदस्य. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, आपल्या शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भाग आहे आणि कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार लोकांच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते. ती मर्यादा तीन प्रश्नांना उतरली पाहिजे: तिला कायद्याचा आधार आहे का, तिच्यामागे रास्त उद्देश आहे का, आणि ती त्या उद्देशाच्या प्रमाणात आहे का. खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७च्या पुट्टास्वामी निकालातून ही कसोटी घेतलेली आहे. हार्लन यांच्या चौकटीशी तिचे नाते सहज ओळखू येते.

निकालाचा खरा कणा तिसऱ्या प्रश्नात आहे. न्यायालयाने सरकारांना विचारले की, लस न घेतलेल्यापासून होणाऱ्या संसर्गाचा धोका घेतलेल्यापासून होणाऱ्या धोक्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती कुठे आहे? ती कुणी सादर केली नव्हती. कोव्हिडच्या लसीने गंभीर आजार आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात टळले, त्याबद्दल मला शंका नाही आणि मी माझ्या वडीलधाऱ्यांना ती घ्यायला लावली होती. पण ओमिक्रॉनच्या लाटेत दोन डोस घेतलेलेही सर्रास बाधित होत होते आणि इतरांना बाधा देत होते. देवीची लस संसर्गाची साखळी तोडत होती. ही लस प्रामुख्याने घेणाऱ्यालाच वाचवत होती. मग एकाला डब्यात घ्यायचे आणि दुसऱ्याला फलाटावर ठेवायचे, याला शेजारच्या प्रवाशाच्या सुरक्षेचा आधार उरत नाही. संसर्ग कमी आहे तोवर असे निर्बंध घालू नयेत, असे न्यायालयाने सुचवले. हे त्या वेळच्या परिस्थितीपुरते आहे, हेही लिहिले. उद्या वेगळा आजार आला, साखळी तोडणारी लस आली, तर उत्तर वेगळे येऊ शकते आणि यायला हवे.

मुलांच्या गोवराचेच उदाहरण घ्या. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. साथ रोखायला शंभरातल्या पंचाण्णवांना संरक्षण लागते. लस साखळी तोडते, दशकानुदशके तपासलेली आहे, आणि नकार देणारे पालक स्वतःच्या नव्हे, मुलाच्या शरीराबद्दल निर्णय घेत असतात. शाळाप्रवेशासाठी अमेरिकेतल्या राज्यांत या लसीची अट असते, ती वरच्या कसोटीला बरीचशी उतरते. तरीही २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली, लहान मुले दगावली, तेव्हा सक्तीने काय साधले असते? बरीच मुले कोव्हिडच्या दोन वर्षांत चुकलेल्या डोसांमुळे, स्थलांतरामुळे आणि यंत्रणेवरच्या अविश्वासामुळे लसीविना राहिली होती. महापालिकेने घरोघर पाहणी केली, जादा डोस दिले, मौलवींना आणि वस्तीतल्या डॉक्टरांना बरोबर घेतले. ज्या घरात शंभर रुपयांची मजुरी बुडवून आरोग्य केंद्रात जावे लागते, तिथे दंडाची पावती फाडून डोस पोचत नाही.

पुलियेल निकालातला दुसरा भाग कमी बोलला जातो, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. लसीनंतर झालेल्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना आणि डॉक्टरांना स्वतः करता याव्यात आणि त्या सगळ्यांना पाहता याव्यात, अशी व्यवस्था करायला न्यायालयाने सांगितले. माणसे लसीला घाबरतात त्यापेक्षा लपवाछपवीला जास्त घाबरतात. कॅम्डेनमधली नऊ मुले गेल्यावर उत्पादकांवर कायदा आला, म्हणून पुढच्या पिढ्यांनी दंड पुढे केला.

आणि इजा झालीच तर? लाखो डोसांत एखाद्याला गंभीर त्रास होतो, हे कोणताही प्रामाणिक लसतज्ज्ञ नाकारणार नाही. तो एक जण सगळ्यांच्या वतीने ते ओझे वाहतो. ब्रिटनने १९७९ मध्ये लसीने गंभीर अपंगत्व आलेल्यांसाठी कायद्याने मदत ठरवली. अमेरिकेने १९८६च्या कायद्याने भरपाईचा वेगळा निधी उभारला, त्यात कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. आपल्याकडे लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात भरपाई मागितली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने शपथपत्रात उत्तर दिले की लस ऐच्छिक होती, लोकांनी समजून-उमजून घेतली, सरकारवर जबाबदारी येत नाही. दिवाणी न्यायालयात जावे. ज्या लसीच्या प्रमाणपत्राशिवाय वर्षभरापूर्वी लोकलचा पास मिळत नव्हता, त्याच लसीबद्दलचे हे उत्तर होते. फलाटावर सक्ती आणि शपथपत्रात स्वेच्छा, असे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. पुढच्या साथीआधी सार्वजनिक आरोग्याचा नवा कायदा लिहायला घेतला जाईल तेव्हा त्यात सक्तीचे कलम असेल तर त्याच पानावर भरपाईचे कलम असले पाहिजे, दाव्यासाठी चूक सिद्ध करण्याची अट नसलेले, आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते आकड्यात लिहिलेले.